पंधरा ऑगस्टचा वार

१७ सप्टेंबर २०४८ रोजी हैदराबाद संस्थानाच्या मुक्तीला शंभर वर्षे होतील. आमचे किनवट त्याच संस्थानात, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. नांदेडला ते १९५६ साली जोडले गेले. शाळेत हा विषय निघाला की एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, त्या दिवशी वार कोणता?" भिंतीवरचे कॅलेंडर डिसेंबरात संपते. पण कागदपेन्सिलीशिवाय याचे उत्तर देता येते.

जॉन कॉन्वे या इंग्रज गणितज्ञाची ही रीत 'डूम्सडे' म्हणजे प्रलयदिन या नावाने ओळखली जाते. संगणक सुरू करताना समोर येणाऱ्या तारखांचे वार ओळखायचे, असा सराव ते स्वतः करीत. त्यांच्या आधी, १८८७ साली, 'ॲलिस'चे लेखक लुईस कॅरोल यांनीही वार काढण्याची आपली एक रीत 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली होती. कॉन्वेंच्या रीतीचे मर्म साधे आहे: वर्षातल्या काही ठरावीक तारखा नेहमी एकाच वारी येतात. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर या त्यांपैकी काही. आता ८ ऑगस्टमध्ये सात मिळवा. १५ ऑगस्ट! म्हणजे परक्या तारखा घोकण्याची आपल्याला गरजच नाही. स्वातंत्र्यदिनाचा वार कळला की वर्ष हाती आले.

शिक्षकदिन (५ सप्टेंबर) आणि बालदिन (१४ नोव्हेंबर) दरवर्षी १५ ऑगस्टच्याच वारी येतात. १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर हे तिन्ही त्याच्या एक वार आधी. ६ डिसेंबर एक वार पुढे, १४ एप्रिल तीन वार पुढे आणि आपला १७ सप्टेंबर दोन वार मागे. यावरून एक गंमत लक्षात येते: महाराष्ट्र दिन ज्या वारी असेल, त्याच वारी त्या वर्षी गांधीजयंती आणि नाताळ.

राहिला प्रश्न १५ ऑगस्टच्या वाराचा. साध्या वर्षात बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून वार दरवर्षी एकाने सरकतो. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोनाने. बारा वर्षांत बारा आणि लीप वर्षांचे तीन मिळून पंधरा वार होतात. पंधरातून दोन आठवडे गेले की उरतो एक. म्हणजे एक तप गेले की वार एकानेच सरकतो. १५ ऑगस्ट २००० रोजी मंगळवार होता, तिथून मोजायला सुरुवात करायची.

समजा, २०३१ हवे आहे. एकतीसमध्ये बारा दोनदा जातात, बाकी सात, आणि सातात चार एकदा जातात. दोन, सात आणि एक मिळून दहा. त्यातून एक आठवडा काढला की तीन. मंगळवारच्या पुढे तीन वार म्हणजे शुक्रवार. तेव्हा २०३१ची गांधीजयंती गुरुवारी. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने शुक्रवारची एक रजा टाकली तर त्याला गावी चार दिवस मिळतील.

२०४८ तर याहून सोपे. अठ्ठेचाळीसमध्ये बारा चारदा जातात आणि बाकी शून्य. मंगळवारपासून चार पुढे शनिवार, हा १५ ऑगस्ट. त्यातून दोन मागे आलो की गुरुवार. मुक्तिदिनाची शताब्दी गुरुवारी येईल. १९४८ साली तो दिवस शुक्रवारचा होता. मागच्या शतकासाठी रीत हीच, फक्त मंगळवारऐवजी बुधवारपासून मोजायचे. पडताळा घ्यायचा तर १५ ऑगस्ट १९४७ काढून पाहा, शुक्रवार यायला हवा. २१०० नंतरच्या तारखांसाठी सुरुवात रविवारपासून.

चूक बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होते. २६ जानेवारी साध्या वर्षी १५ ऑगस्टच्या वारापेक्षा दोन वार पुढे आणि १९ फेब्रुवारीची शिवजयंती दोन वार मागे. लीप वर्षी मात्र २९ फेब्रुवारी त्यांच्यानंतर येतो, म्हणून दोन्ही आणखी एक वार मागे सरकतात. २०२४चा प्रजासत्ताकदिन मी भर शिक्षककक्षात शनिवार सांगून बसलो होतो. निघाला शुक्रवार! तेव्हापासून या दोन महिन्यांतली तारीख आली की आधी वर्षाला चाराने भाग जातो का ते पाहतो. (शतकवर्षाला मात्र चारशेने भाग जावा लागतो, २१०० लीप नाही.)

दसरा-दिवाळी तिथीवर चालतात आणि ईद चंद्रदर्शनावर, त्यांची तारीखच दरवर्षी बदलते. तिथे ही रीत एकटी पुरत नाही. पंचांगातून आधी तारीख घ्यावी लागते, मग वार आपला आपण काढता येतो. निजामी अमलातल्या जुन्या कागदांचेही तसेच. त्यांवर फसली सनाची तारीख असेल, तर ती आधी इंग्रजी तारखेत उतरवावी आणि मगच बोटे मोजायला घ्यावीत.