पत्र्यावरचा पाऊस

गेल्या आषाढात आम्ही पाच जण वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याला दोन दिवसांच्या चित्रीकरणासाठी गेलो होतो. एका शेतकरी कुटुंबावरचा छोटा माहितीपट करायचा होता. विषयच पावसाळ्याचा, तेव्हा ‘पाऊस उघडला की येऊ’ म्हणण्याची सोय नव्हती.

निघण्याआधी वहीच्या पानावर तीन रकाने आखले: उघडीप हवी, रिमझिम चालेल आणि छप्पर हवे. सगळे प्रसंग या रकान्यांत वाटून टाकले. पहिल्या रकान्यात सोयाबीनची डवरणी होती. काळ्या मातीत दमदार सर पडली की वापसा येईपर्यंत डवरा चालत नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले, तरी हा प्रसंग हातचा गेलेलाच. म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी सहाला तो घ्यायचे ठरले. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवायची आणि पाच जणांना एका खेपेत उचलता येईल तेवढेच सामान शेतात न्यायचे.

थांबायचे केव्हा, हेही आधीच ठरवले. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग झाडाखाली न थांबता थेट गाडीत बसायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. हा निर्णय मदतनीस मुलाकडे दिला होता. दिग्दर्शक मीच होतो, आणि दिग्दर्शकाला नेहमी ‘आणखी एकच’ हवे असते!

डवरणी साडेनऊला आटोपली. दुपारी दोनला आभाळ भरून आले, मुलाने हात वर केला आणि आम्ही मुकाट्याने गाडी गाठली. गडगडाट थांबला, पाऊस मात्र सुरूच राहिला. आता आजींची मुलाखत घ्यायची होती. त्यासाठी हेरलेली खोली आम्ही कोरड्या दिवशी पाहिली होती. उजेड छान होता, पण वर पत्रे! सर कोसळताच आजींचा एक शब्द ऐकू येईना. शेवटी शेजारच्या धाब्याच्या घरात गेलो. मातीच्या जाड छपराखाली आवाज स्वच्छ मिळाला. उजेड कमी होता, म्हणून आजींना दाराजवळ बसवले. यात एक तास गेला. राखीव जागा पाहताना उजेडाआधी छप्पर कशाचे आहे ते पाहावे, हे तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी शेतात पाऊल रुतत होते. आम्ही रिमझिमीचा रकाना काढला आणि गोठा, ओले अंगण, शाळेला निघालेली पोरे टिपली.

निघताना आजींना वही दाखवली. त्या हसून म्हणाल्या, “पाऊस काय तुमाले इचारून येते का, बापू?”

येत नाही, आजी. म्हणूनच तर तीन रकाने!