अन्ननलिकेचा कर्करोग: तंबाखू, कढत चहा आणि अडकणारा घास

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. रिकामी असताना ती मिटलेली असते. घास आला की ती फुगते आणि त्याला खाली ढकलते. गालाच्या आतल्या बाजूला असते तसेच ओलसर, पापुद्र्यांच्या थरांचे अस्तर तिला आतून असते. हे अस्तर घासांची घसट सोसते, झिजलेले पापुद्रे टाकून नवे धरते. रोज होणाऱ्या इजेमुळे ही दुरुस्ती वर्षानुवर्षे अखंड चालू राहिली, की पेशींच्या वाढीत चुका साचत जातात आणि त्यांतल्या काहींमधून कर्करोग उभा राहतो.

या रोगाचे मुख्य प्रकार दोन. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले, तर नळीच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलते आणि तिथे एका प्रकारचा कर्करोग होऊ शकतो. लठ्ठपणाशी त्याचा जवळचा संबंध आहे आणि पाश्चात्त्य देशांत तो अधिक दिसतो. भारतात मात्र मूळ अस्तरातून उगवणारा, बहुधा नळीच्या मधल्या किंवा खालच्या भागात होणारा दुसरा प्रकार जास्त आढळतो. पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

त्याच्या कारणांत तंबाखूचे स्थान वादातीत आहे. सिगारेट आणि बिडीचा धूर फुप्फुसात जातो हे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्या धुरातले पदार्थ लाळेत विरघळून पोटाकडेही जातात. महाराष्ट्रात प्रश्न धुरापेक्षा चघळण्याचा अधिक आहे. चुना लावून तळहातावर मळलेली तंबाखू, मावा, विदर्भातला खर्रा, गुटखा आणि बायकांच्या हातात सकाळी सकाळी दिसणारी मिसरी, ही सगळी एकाच घरातली भावंडे. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. मिसरीला मात्र अजूनही कित्येक घरांत दात घासण्याचे साधन समजले जाते. ती भाजलेली तंबाखूच असते आणि भाजल्याने तिचा धोका जात नाही.

‘आम्ही थुंकतो, गिळत नाही’ हे उत्तर हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. तंबाखूचा तोबरा गालात असताना लाळ सतत सुटत असते आणि माणूस नकळत ती गिळत असतो. रात्री गालात गोळी ठेवून झोपणाऱ्याची तर सगळीच लाळ खाली उतरते. तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये या लाळेबरोबर अन्ननलिकेच्या भिंतीला लागतात. तंबाखू टाळून नुसते सुपारीचे पान खाणाराही यातून सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित विड्यालाही अन्ननलिकेच्या कर्करोगाचे कारण मानले आहे.

दारू हे स्वतंत्र कारण आहे. शरीरात तिच्यापासून ॲसिटाल्डिहाइड तयार होते आणि ते पेशींच्या गुणसूत्रांना इजा करते. दारू आणि तंबाखू एकत्र आल्या की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो गुणाकाराच्या हिशेबाने वाढतो.

कढत पेयांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ती नीट उलगडली ती इराणमध्ये. कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेला गोलेस्तान नावाचा प्रांत आहे. १९७०च्या दशकात तिथल्या काही भागांत दरवर्षी दर लाख लोकांमागे शंभराहून अधिक जणांना हा रोग होत असल्याचे आढळले. जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी हा एक. चक्रावणारी बाब अशी, की तिथे दारू जवळजवळ नव्हती, सिगारेट फारशी नव्हती आणि रोग पुरुषांइतकाच बायकांनाही होत होता. म्हणजे नेहमीचे आरोपी जागेवर नसताना गुन्हा घडत होता. दिवसभर काळा चहा पिण्याची रीत मात्र घरोघरी होती.

चहा किती गरम पिता, असे विचारले तर माणूस ‘बऱ्यापैकी’ असे सांगतो. त्यातून आकडा निघत नाही. म्हणून तिथल्या संशोधकांनी साधी युक्ती केली. एकाच किटलीतून दोन पेले भरायचे आणि एकात तापमापी ठेवायची. ती ७५ अंश सेल्सिअस दाखवू लागली की दुसऱ्या पेल्यातला घोट घ्यायला सांगायचे आणि ‘रोज एवढाच गरम पिता का?’ असे विचारायचे. नाही म्हटले तर पाच अंशांनी निवेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा विचारायचे. २००४ ते २००८ या काळात सुमारे ५० हजार लोकांची नोंद झाली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ६० अंश किंवा त्याहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांना धोका सुमारे ९० टक्क्यांनी अधिक होता. तुलना होती ती कमी चहा आणि तोही निववून पिणाऱ्यांशी. त्या भागात अफूचे सेवन आणि फळभाज्यांची चणचण हीदेखील कारणे होती, त्यामुळे सगळे खापर चहावर फोडता येत नाही.

दोष चहाच्या पानाचा नाही, तापमानाचा आहे. दक्षिण अमेरिकेत माते नावाचे पेय धातूच्या नळीने कढत ओढतात आणि तिथेही हेच दिसले. २०१६मध्ये कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांवरची सर्व पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातली. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तंबाखू या गटात नाही, ती ‘निश्चित’ गटात आहे. चीनमधल्या सुमारे साडेचार लाख लोकांच्या पाहणीत तर कढत चहाचा धोका मुख्यतः दारू किंवा सिगारेट पिणाऱ्यांतच उठून दिसला. भाजलेले अस्तर आपले काम नीट करत नाही आणि त्यातून तंबाखूची लाळ किंवा दारू आत मुरते, असा याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे मिसरी लावून लगेच कढत चहा, किंवा टपरीवर कटिंग आणि बिडी, ही जोडी दोघांच्या वेगवेगळ्या धोक्याहून वाईट मानायला हवी.

घोटाचा आकारही मोजण्यासारखा आहे. त्याच तापमानाचा चहा फुरका मारून थोडाथोडा घेतला, तर तोंडातच बराच निवतो. मोठा घोट गटकला तर उष्णता थेट नळीत उतरते. आपल्याकडे चहा बशीत ओतून पिण्याला गावंढळ समजले जाऊ लागले, पण पसरट बशीत चहा झपाट्याने निवतो. अन्ननलिकेच्या दृष्टीने ती जुनी माणसे शहाणीच होती. कपातून प्यायचा असेल तर चहा ओतल्यावर चारपाच मिनिटे थांबणे पुरते.

कारणे काहीही असोत, हा रोग घातक ठरतो तो मुख्यतः उशिरा कळत असल्यामुळे. अन्ननलिका ताणली जाणारी आहे. फुगल्यावर तिचा व्यास साधारण दोन सेंटिमीटर होतो. तो सुमारे १३ मिलिमीटरच्या आत आला, म्हणजे शर्टाच्या बटणाहून थोडाच मोठा उरला, की घट्ट घास अडकू लागतो. तोवर गाठ नळीच्या बऱ्याच घेरात पसरलेली असते. शिवाय इतर आतड्यांना बाहेरून असते तसे गुळगुळीत आवरण या नळीला नसते. त्यामुळे रोगाला शेजारच्या श्वासनलिकेकडे आणि लसिका ग्रंथींकडे जायला फारसा अडसर नसतो.

नेहमी दिसणारा क्रम असा असतो. पंचावन्न-साठीचा, तीस वर्षे तंबाखू खाणारा शेतकरी. एके दिवशी ज्वारीच्या भाकरीचा घास छातीच्या मध्यावर थांबतो आणि पाण्याचा घोट घेतल्यावर उतरतो. घास मोठा घेतला असेल, असे तो मनाशी म्हणतो. आठपंधरा दिवसांनी पुन्हा तसेच होते. मग तो प्रत्येक घासाला पाणी घेऊ लागतो. पुढे भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागतो, मटणाचे तुकडे बाजूला सारतो. दोन महिन्यांत ताटात फक्त मऊ भात उरतो, नंतर पेज. जेवायला बसला की सगळ्यांत शेवटी उठतो. घरच्यांना वाटते वयाने भूक मंदावली, दात गेले. औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीच्या गोळ्या येतात. जळजळ थोडी कमी होते आणि ‘फरक पडला’ असे वाटून आणखी महिना जातो. कमरेचा पट्टा तोवर दोन भोके आत गेलेला असतो. पाणीसुद्धा उतरेना झाल्यावर तो दवाखान्यात पोचतो.

यात फसवणूक करणारी गोष्ट म्हणजे माणसाची जुळवून घेण्याची ताकद. त्रास वाढत असतो, पण आहार मऊ होत गेल्याने तो वाढल्यासारखा वाटत नाही. म्हणून ‘घास अडकतो का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘सहा महिन्यांपूर्वी काय खात होतात आणि आता काय खाता?’ हा प्रश्न अधिक खरे बोलतो. आधी घट्ट, मग मऊ, मग पातळ या क्रमाने अडथळा वाढत गेला, तर नळी आतून अरुंद होत असल्याचा संशय घ्यावा. सोबत वजन उतरले, आवाज घोगरा झाला किंवा पाणी पिताना खोकला येऊ लागला, तर रोग पसरल्याची शक्यता वाढते.

गिळण्याचा प्रत्येक त्रास कर्करोगाचा नसतो. जेवण नसताना घशात गोळा असल्यासारखे वाटणे आणि जेवताना ते विसरणे, हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासूनच अडकत असेल, तर नळीच्या हालचालीतला बिघड असू शकतो. ॲकॅलेशिया हा तसाच एक विकार. मात्र तो बरीच वर्षे राहिला तर कर्करोगाचा धोका वाढवतो. ज्यांना कधी ॲसिडने नळी भाजून ती आकसली आहे, त्यांनाही पुढे धोका असतो. लोहाच्या कमतरतेने अंगात रक्त कमी असलेल्या काही बायकांत घशाजवळ पातळ पडदा तयार होऊन गिळायला त्रास होतो. तोही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

निदान दुर्बिणीने होते. घशात बधिर करणारा फवारा मारून बोटाएवढी लवचीक नळी आत घालतात, अस्तर थेट पाहतात आणि संशयास्पद जागेचा तुकडा तपासणीला काढतात. रोग अस्तरापुरताच असेल तर दुर्बिणीतूनच तो काढता येतो. भिंतीत शिरला असेल तर केमोथेरपी आणि रेडिएशन द्यावे लागते, पुष्कळदा अन्ननलिका काढून जठर वर ओढून जोडावे लागते. फार पुढे गेलेल्या रोगात निदान पातळ अन्न तरी जावे म्हणून जाळीदार नळी बसवतात. उपचारांमधला हा सगळा फरक रोग कोणत्या टप्प्यावर सापडला यावर ठरतो.

चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या माणसाचा घास दोन आठवड्यांत वारंवार अडकत असेल, तर गोळ्या घेऊन वाट पाहू नये, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. ती रिकाम्या पोटी होते आणि साधारण दहा-पंधरा मिनिटांत संपते.