वाईन निवळते कशाने?

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो. वाईन निवळण्याची जुनी रीत अशीच आहे, फक्त तुरटीच्या जागी तिथे बहुधा प्राणिज प्रथिन असते.

फ्रान्समधल्या बोर्दो भागात लाल वाईनसाठी अंड्याचा पांढरा भाग वापरण्याची परंपरा आहे. ओकच्या 225 लिटरच्या पिंपाला साधारण पाच-सहा अंडी पुरतात. पांढरा भाग चिमूटभर मीठ घालून, फेस येऊ न देता हलवतात आणि पिंपात ओतून ढवळतात. कोवळ्या लाल वाईनचा जीभ आवळणारा तुरटपणा टॅनिनमुळे येतो. वाईनमध्ये अंड्यातल्या प्रथिनावर धन विद्युतभार असतो, टॅनिनवर ऋण. दोघे एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या हळूहळू तळाशी बसतात. मग वरची निवळ वाईन दुसऱ्या पिंपात काढून घेतात. मात्रा जास्त झाली तर रंग आणि चवही निघून जाते, शिवाय थोडे प्रथिन वाईनमध्येच राहू शकते. म्हणून आधी छोट्या नमुन्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहतात.

याच कामासाठी दुधातले केसिन, जनावरांच्या कातड्या-हाडांचे जिलेटिन आणि माशाच्या वाताशयापासून केलेले आयसिंगग्लासही वापरतात. युरोपीय संघात अंड्याचा किंवा दुधाचा अंश वाईनमध्ये आढळला, तर तो लेबलवर लिहावा लागतो. पण तो नियम ॲलर्जी असणाऱ्यांसाठी आहे. माशाच्या आयसिंगग्लासला त्यातून सूट आहे आणि जिलेटिन त्या यादीतच नाही. त्यामुळे लेबलवर काही लिहिलेले नाही, म्हणून वाईन शाकाहारी ठरत नाही.

युरोपात ‘व्हेजिटेरियन’ म्हटलेली वाईन अंड्याने निवळलेली असू शकते, कारण तिथले बहुतेक शाकाहारी अंडे चालवून घेतात. आपल्याकडच्या शाकाहारी घरात ते चालणार नाही. भारतातली मांसाहारी अन्नाची व्याख्या पदार्थात घटक म्हणून काय आहे ते पाहते आणि त्यात अंडे येते, दूध येत नाही. निवळताना वापरून काढून टाकलेली वस्तू मात्र घटकांच्या यादीत सहसा दिसत नाही. 2022 चे व्हीगन अन्नाचे नियम इथे स्पष्ट आहेत: उत्पादनाच्या कुठल्याही टप्प्यावर प्राणिज प्रक्रिया-साहाय्यक वापरलेला नसावा. माझ्या मते शाकाहारी ग्राहकालाही साध्या शाकाहारी खुणेपेक्षा हीच खूण जास्त भरवशाची आहे.

पर्याय पुरेसे आहेत. पांढऱ्या वाईनमधली प्रथिने बेंटोनाइट मातीने काढतात, आणि टॅनिनसाठी वाटाण्याचे किंवा बटाट्याचे प्रथिन चालते. काही वाईन नुसत्या वेळ देऊन निवळू देतात. बाटलीवर ‘अनफिल्टर्ड’ लिहिले असेल तर ती गाळलेली नाही एवढेच कळते. प्रथिन घातले नव्हते, हे ‘अनफाइन्ड’ या शब्दाने कळते. व्हीगन खूण नसेल, तर नाशिकची असो की बोर्दोची, वाईन कशाने निवळली हे वायनरीलाच विचारा.