'का'वर वाजलेली घंटा

हेडफोनमध्ये घंटा ऐकू आली तेव्हा पडवीत कुणीच बोलत नव्हतं. राजापूरजवळच्या एका जुन्या घरात आमच्या शॉर्ट फिल्मचं शूटिंग चाललं होतं. आई सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडते आहे, मुलगा मुंबईहून आलाय, खांबाला टेकून बसलाय. तो म्हणतो, "आई, घर विकायचं ठरलंय. पुढच्या महिन्यात सह्या आहेत." मग साडेचार सेकंद कुणी काही बोलत नाही. शेवटी ती म्हणते, "भात टाकते." प्रसंग एवढाच. त्या साडेचार सेकंदांत, ओढ्यापलीकडच्या देवळातून, कुणीतरी एकदाच घंटा वाजवली.

कट म्हटल्यावर दिग्दर्शक माझ्याकडे वळला. त्याचे डोळे चमकत होते. "ऐकलीस? देवानंच वाजवली." मीही मान हलवली. मला ती घंटा मनापासून आवडली होती. ती काढायची की ठेवायची हा प्रश्न पुढे तीन आठवडे माझ्यासोबत राहिला.

रेकीला आलो तेव्हा हे देऊळ आमच्या हिशेबातच नव्हतं. आम्ही सकाळी अकराला आलो होतो, अर्धा तास पडवीत नुसतं ऐकत बसलो होतो, आणि घंटेचा मागमूस नव्हता. ती चूक माझी. दिवसा उन्हानं जमीन तापते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, आणि आवाज वळत वळत वर निसटून जातो. सूर्य कलला की उलट होतं. जमीन झटकन गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते, मग तोच आवाज खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. दुपारी न ऐकू येणारी आगगाडी रात्री उशाशी आल्यासारखी वाटते ती याच कारणानं. आमचा प्रसंग संध्याकाळचा होता, आणि जागेची पाहणी आम्ही सकाळी करून मोकळे झालो होतो.

पहिल्या टेकनंतरच मी सहायकाला देवळात पाठवलं होतं. गुरव भले माणूस. म्हणाले, "मी थांबेन हो आरतीपर्यंत, पण देवाला आलेल्या माणसाला घंटा वाजवू नको म्हणून कसं सांगू?" त्यांचं बरोबरच होतं. घंटा येत राहिली, कधी दहा मिनिटांनी, कधी दोन मिनिटांत दोनदा. आम्ही मास्टर शॉट घेतला, मग मुलाचा क्लोज, मग आईचा क्लोज. मास्टरच्या तिसऱ्या टेकमध्ये घंटा शांततेत पडली, तीच ती सगळ्यांना आवडलेली. मुलाच्या क्लोजच्या दुसऱ्या टेकमध्ये ती त्याच्या वाक्यावर पडली. आईच्या क्लोजमध्ये एकदाही नाही.

आपल्याकडे बराच काळ हा प्रश्न उद्भवतच नसे. कॅमेरे खडखडायचे, सेटवर गोंगाट असायचा, आणि संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे. जागेवर मुद्रित केलेला आवाज फक्त ओठ जुळवायला वापरायचा. २००१ साली 'लगान'सारख्या मोठ्या चित्रपटाचे संवाद जागेवरच मुद्रित झाले, आणि सिंक साउंड हा शब्द हळूहळू सगळ्यांच्या तोंडी आला. आता नटाचा त्या क्षणीचा श्वास मिळतो, आणि त्या क्षणी गावात जे काही वाजत असेल तेही मिळतं.

चित्रपट कापला जातो, आणि घंटा कापली जात नाही. खरी अडचण ही आहे. त्या घंटेचा घुमारा जवळजवळ चार सेकंद राहत होता. संकलकानं मास्टरवर एक सेकंद ठेवून आईच्या क्लोजवर कट मारला, आणि क्लोजमध्ये घंटा नव्हतीच. परिणामी घुमारा सुरीनं छाटल्यासारखा तुटला. प्रेक्षकाला काय झालं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं आणि त्याचं लक्ष चेहऱ्यावरून उडतं. म्हणजे निवड दोनच. एकतर घुमारा कटच्या पलीकडे ओढून न्यायचा, नाहीतर घंटा मुळातच काढायची.

ओढून न्यायची सोय मी करून ठेवली होती. शूटिंगच्या शेवटच्या संध्याकाळी, गुरवांना विचारून, सहायकाला देवळात उभं केलं आणि मी पडवीत, बूम होता त्याच जागी माइक लावून बसलो. फोन चालू होता. घंटेवर टोल पडला की तो आधी फोनमध्ये ऐकू यायचा आणि सुमारे दोन सेकंदांनी हेडफोनमध्ये. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे देऊळ पाऊण किलोमीटरच्या आत. कुणी विचारेल, सरळ देवळातच जाऊन घंटा का नाही मुद्रित केली? कारण देवळातली घंटा ही वेगळीच वस्तू आहे. तिथे आधी 'टण्ण' असा धातूचा कडक आघात येतो. एवढं अंतर कापताना हवा वरच्या पट्टीतले सूर खाऊन टाकते, आघात बोथट होतो आणि पोचतो तो गोल, मऊ घुमारा. जवळची घंटा नुसती हळू केली तर ती लांबची होत नाही, हळू वाजवलेली जवळची घंटा होते. कान हा फरक लगेच पकडतो.

तर माझ्याकडे चाळीस सेकंदांचा वाइल्ड ट्रॅक होता, आणि शांत पडवीचा दीड मिनिटाचा रूम टोन. रूम टोन म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज. तो कधीच शून्य नसतो. माडाच्या झावळ्या, लांबचा ओढा, घराच्या लाकडाचं कुरकुरणं. घंटा काढलेल्या जागी हा टोन भरावा लागतो, नाहीतर तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. शांततेतली घंटा काढणं म्हणूनच सोपं होतं. तेवढा तुकडा उचलायचा, टोन भरायचा, कडा मिसळायच्या. दहा मिनिटांचं काम.

मुलाच्या वाक्यावरची घंटा मात्र अवघड होती. ती पडली होती 'विकायचं'मधल्या 'का'वर. संपादनाच्या पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सुरांची उंची, आणि जितका आवाज मोठा तितकी रेघ उजळ. माणसाचा आवाज तिथे एकावर एक रचलेल्या वळवळत्या रेघांसारखा दिसतो, कारण बोलताना आपली पट्टी सतत वरखाली होते. घंटेच्या रेघा फूटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ असतात. त्यामुळे घंटा ओळखायला अगदी सोपी. त्या घंटेची सगळ्यांत ठळक रेघ ६२० हर्ट्झच्या आसपास होती. मुलाचं काम करणाऱ्या नटाचा मूळ सूर तिथे १२५ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे त्याचा पाचपट स्वरांश नेमका त्याच जागी. आणि 'आ' म्हणताना तोंडाच्या पोकळीत जो भाग सर्वांत जास्त दुमदुमतो तोही याच परिसरात येतो. मी ती रेघ खरवडली. घंटा गेली, आणि 'का' पोकळ झाला, पाण्याखालून बोलल्यासारखा. कमी खरवडलं तर दोन्ही अर्धवट उरायचे.

दुसऱ्या वाटाही करून पाहिल्या. पहिल्या टेकमध्ये तो 'विकायचंय' म्हणाला होता, ओठ जुळेनात. तिसऱ्यात शब्द तेच होते पण सूर अपराधी, आणि पडद्यावरचा चेहरा तसा नव्हता. शर्टाखालच्या लॅपल माइकवर घंटा जरा कमी होती, पण आवाज पेटीत कोंडल्यासारखा. स्टुडिओत डब करता आलं असतं. नट मुंबईत होता, यायलाही तयार होता. पण त्या 'विकायचं'वर त्यानं नकळत गिळलेला आवंढा पुन्हा मागून मिळत नाही.

दिग्दर्शकाचं म्हणणं साधं होतं. आवडलेली घंटा ठेवू, त्रास देणारी काढ. मला त्याचं तोवर पटत होतं. मग एका रात्री मी आईच्या क्लोजचा नुसता आवाज लावला, चित्र बंद करून. तिथे बूम तिच्या डोक्यावर दीड फुटावर होता. मास्टरमध्ये चौकट मोठी, म्हणून तो बराच वर धरावा लागला होता. क्लोजमध्ये मला पहिल्यांदाच तांदूळ ऐकू आले. सुपात बोटं फिरल्याची बारीक खसखस. मुलगा बोलतो तेव्हा ती चालू असते. 'सह्या आहेत' संपल्यावर आणखी दीडेक सेकंद चालू राहते. मग थांबते.

बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून बोटं थांबवली होती. मास्टरमध्ये हीच जागा होती जिथे घंटा वाजली होती, आणि तिच्या घुमाऱ्याखाली थांबणं ऐकूच येत नव्हतं. मी घंटेवर इतका खूश होतो की तिनं काय झाकलं ते विचारलंच नव्हतं. शिवाय मराठी प्रेक्षकाला देवळाची घंटा नुसती घंटा म्हणून ऐकू येत नाही. बाई गप्प असताना ती वाजली की आईच्या वतीनं देव बोलला असा अर्थ लागतो. त्या बाईचं उत्तर बोटांत होतं.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला दोन्ही ऐकवलं, काहीही न सांगता. आधी घंटेचं, मग तांदळाचं. दुसऱ्यांदा ऐकताना तो पुढे झुकला. "थांबली ती," म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "काढ घंटा."

काढली. मास्टरच्या त्या एका सेकंदाखाली रूम टोन पसरला आणि क्लोजमधली खसखस थोडी मागे ओढली. सुपाच्या काठाआड बोटं दिसत नव्हती, म्हणून ते जमलं.

'का'वरची घंटा मात्र आम्ही ठेवली. जो आवाज निघत नाही त्याची आधी ओळख करून द्यायची, ही आमच्या कामातली जुनी युक्ती आहे. अचानक एकदाच आलेला आवाज चूक वाटतो, दुसऱ्यांदा आलेला गावचा वाटतो. प्रसंगाच्या सुरुवातीला मुलगा अंगणातून येतो आणि पायरीवर चपला काढतो, तिथे मी वाइल्ड ट्रॅकमधली एक घंटा बसवली. पातळी वाक्यावरच्या घंटेइतकीच ठेवली. कमी ठेवली असती तर दुसऱ्या खेपेला देऊळ जवळ सरकल्यासारखं वाटलं असतं. वाक्यावरच्या घंटेचा घुमारा 'सह्या आहेत' म्हणून होईतो विरतो, शांतता सुरू होते तेव्हा पडवीत फक्त तांदूळ असतात.

आता फिल्ममध्ये पहिली घंटा चपला काढताना वाजते, दुसरी 'विकायचं'मधल्या 'का'वर. देवानं वाजवलेली तिसरी माझ्या हार्ड डिस्कवर आहे.