मोटारीची वीज तोडली, नळ कोरडा पडला

भाडेकरूला घराबाहेर काढायचं तर मालकाला कोर्टात दावा लावावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं रेंगाळतो. पाणी बंद केलं की माणसं आपणहून निघून जातील, असा मग काहींचा हिशेब असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ ने याला मनाई केली आहे. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई यातलं काहीही मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही.

समजा, गिरगावातली एक जुनी चाळ आहे. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं आणि मोटारीने गच्चीवर चढतं. पुनर्विकासाची बोलणी फिसकटल्यावर मालक मोटारीचं वीजबिल भरणं सोडून देतो. जोडणी तोडली जाते आणि तिसऱ्या मजल्यावरचे नळ कोरडे पडतात. 'मी कुठे पाणी तोडलं?' असं तो विचारतो. पण मालकाच्या हयगयीमुळे दुसऱ्या यंत्रणेने पुरवठा तोडला, तरी तो मालकानेच अडवला असं हे कलम धरतं. मला या कलमातला हा सगळ्यात शहाणा भाग वाटतो.

भाडेकरूंनी आधी मालकाला लेखी पत्र द्यावं: पाणी कोणत्या तारखेपासून बंद आहे, कशामुळे, आणि ते तातडीने सुरू करा. पोच ठेवावी. खालच्या टाकीत पाणी आहे आणि वरची रिकामी आहे, याचे तारखेसह फोटो काढावेत, टँकरच्या पावत्या जपाव्यात. रागाने भाडं मात्र थांबवू नये, कारण थकबाकी हे मालकाच्या हातात दिलेलं शस्त्र ठरतं. त्याने भाडं नाकारलं तर मनीऑर्डर करावी.

यानंतर अर्ज मुंबईत लघुवाद न्यायालयात करायचा. सगळे भाडेकरू मिळून एकच अर्ज करू शकतात. त्यातच अंतरिम आदेशाची मागणी हवी. गरज पटली तर मालकाला नोटीस जाण्याआधीच, अमुक तारखेपर्यंत पाणी सुरू करा, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. खरा जोर या आदेशातच आहे. चौकशीनंतर दिलेली मुदत मोडली तर दंड दिवसाला फार तर शंभर रुपये. गिरगावातल्या जमिनीच्या भावापुढे ही रक्कम लाजिरवाणी आहे आणि ती वाढवायलाच हवी. पाणी तोडल्याबद्दल दोषी ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे, पण तहानलेल्या घराला तोवर थांबता येत नाही.

म्हणून याच कलमातली आणखी एक वाट माहीत हवी. अडवलेल्या पुरवठ्यासाठी भाडेकरू थेट पालिकेकडे अर्ज करू शकतो, आणि मालकाच्या ना हरकत दाखल्याचा आग्रह न धरता पालिका त्याला परवानगी देऊ शकते.