गमबूट घेताना होणारे गैरसमज

जून लागला की चपलांच्या दुकानांबाहेर रंगीत गमबूट टांगलेले दिसू लागतात. गिऱ्हाईक बूट उलटा करून तळाची नक्षी बघतं, आत बोटं घालून मऊपणा चाचपतं आणि पोरासाठी एक नंबर मोठा मागतं. या तिन्ही गोष्टी चुकू शकतात.

गैरसमज : नक्षी जितकी खोल, तितकी पकड घट्ट.

चिखलात हे खरं आहे. लांब लांब बसवलेले जाड गुटके चिखलात रुततात आणि पाऊल उचललं की मधला चिखल गळून पडतो. पण शाळेच्या जिन्यावर किंवा स्टेशनच्या गुळगुळीत लादीवर रुतायला काही नसतंच. तिथे तळ आणि लादी यांच्यामधला पाण्याचा पातळ थर बाजूला सरला पाहिजे आणि मग तळाचा जास्तीत जास्त भाग लादीला टेकला पाहिजे. मोठ्या गुटक्यांचा टेकणारा भाग कमीच असतो. म्हणून शहरात वापरायला सपाट माथ्याचे, धारदार कडांचे, लहान आणि भरपूर गुटके असलेला तळ बरा. मधल्या खाचा मात्र थेट बुटाच्या कडेपर्यंत गेलेल्या हव्यात. बंद गोलांची नक्षी पाणी आतच अडवून ठेवते. टाचेची मागची कड तर जरूर बघा, कारण चालताना आधी टाच टेकते आणि घसरणंही बहुधा तिथूनच सुरू होतं.

नक्षीइतकाच तळाचा माल महत्त्वाचा. बाजारात ‘रबरी’ म्हणून मिळणारे बरेचसे स्वस्त बूट पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी वाईट नाही, पण त्याचा तळ कडक असेल तर ओल्या लादीवर तो सरकतो. तळावर अंगठ्याचं नख दाबून पाहा. तो जरासा दबून लगेच वर यायला हवा. नख खटकन निसटलं तर तो जोड ठेवून द्या. दुकानदार तयार असेल तर पायरीवर तांब्याभर पाणी ओतून, आधाराला कोणीतरी धरून, दोन पावलं टाकून बघा. यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

गैरसमज : आतलं अस्तर जाड आणि मऊ असेल तर पाय सुखात राहतात.

लोकरीसारखं अस्तर थंडीच्या मुलखासाठी असतं. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवाच दमट असते आणि गमबुटातून घामाची वाफ बाहेर पडत नाही. त्यामुळे एक थेंब पाणी आत न जाताही संध्याकाळी मोजा ओला निघतो. त्यातून साच्यातल्या पीव्हीसी बुटांमध्ये विणलेलं अस्तर भिंतीला कायमचं चिकटलेलं असतं. ते काढून धुता येत नाही आणि वाळतं ते फक्त वरच्या तोंडातून. जाड अस्तर भिजलं की दुसऱ्या सकाळीही ओलंच राहतं, मग वास आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या ठरलेल्याच. पातळ विणीचं अस्तर किंवा अस्तरच नसलेला, आतून फडक्याने पुसता येणारा बूट घ्या. आतला पाताव सुटा निघतो का, हे दुकानातच ओढून बघा.

गैरसमज : उन्हात किंवा गॅसजवळ ठेवले की वाळतात.

एक तर पावसाळ्यात ऊन नसतं. शिवाय कडक उष्णतेने पीव्हीसी वाकडं होतं आणि खऱ्या रबराला हळूहळू चिरा पडतात. अस्तर वाळवायला उष्णतेपेक्षा खेळती हवा उपयोगी. समजा, मूल संध्याकाळी सहाला आलं आणि सकाळी सातला पुन्हा बूट हवेत. हातात तेरा तास आहेत. आल्याबरोबर पाताव काढून वेगळा टांगा आणि बुटात चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद पार पंज्यापर्यंत कोंबा. तासाभरात तो ओला होईल, तेव्हा बदला. झोपताना कागद काढून बूट आडवे ठेवा आणि त्यांची तोंडं पंख्याकडे करा. कागद रात्रभर तसाच राहिला तर तोच ओल धरून ठेवतो, आणि बहुतेक घरांत नेमकं हेच होतं. पातळ अस्तर असेल तर बूट सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. जाड असेल तर शाळेच्या मुलाला दुसरा जोड लागतोच.

गैरसमज : एक नंबर मोठा घ्या, पुढच्या वर्षीही होईल.

गमबुटाला नाडी नसते. सैल बुटात टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाते आणि जिना उतरताना मूल अडखळतं. मोजा घालून पुढे अंगठ्याएवढी जागा उरली की पुरे.

गैरसमज : उंच बूट असले की साचलेल्या पाण्यातून बिनधास्त जावं.

पाणी वरून आत शिरलं की बूट बादलीसारखा भरतो, पाय उचलत नाही आणि उघडं गटार दिसत नाही ते नाहीच. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि ते पाणी बुटात साचलं तर पाय त्यात भिजतच राहतो. पायावर जखम असताना अशा पाण्यातून चालावं लागलं, तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरांना विचारा.