पेपर हातात पडण्याआधीची तीन मिनिटे

पुण्यातल्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचे क्लास एकाला लागून एक आहेत. तिथल्या एका क्लासमध्ये मराठी व्याकरण शिकवणाऱ्या मॅडम सराव परीक्षेचा पेपर वाटण्याआधी दोन-तीन मिनिटेच बोलतात. रविवारी सकाळी त्या जे बोलल्या, ते साधारण असे होते :

‘‘मुलांनो, आता वह्या मिटा. कालपर्यंत जे वाचलंय तेवढंच आज उपयोगाला येणार आहे. प्रयोगाच्या प्रश्नात वाक्य कसं वाटतंय ते स्वतःला विचारू नका, वाक्यालाच विचारा. कर्ता बदला, क्रियापद बघा. कर्म बदला, पुन्हा क्रियापद बघा. क्रियापद खोटं बोलत नाही. घाई झाली की डोळे शेवटच्या अक्षरावर जातात, आणि शेवटचं अक्षर फसवतं. पहिलं उत्तर नियमाने आलं असेल तर खोडू नका. नियम लावूनही दोन पर्याय उरले, तर प्रश्नापुढे खूण करून पुढे चला. सावकाश श्वास घ्या, सुरू करा.’’

ऐकायला हा धीर देण्याचा प्रकार वाटतो. पण यातली दोन वाक्ये म्हणजे मराठीतले प्रयोग ओळखण्याची संपूर्ण रीत आहे, आणि ती मुलांनी ऐन वेळी का विसरू नये हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रयोग म्हणजे कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचा परस्परसंबंध. क्रियापद कर्त्याच्या लिंग-वचन-पुरुषाप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलले तर कर्मणी, आणि दोघांचेही न ऐकता नपुंसकलिंगी एकवचनी राहिले तर भावे. ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. चुका होतात त्या व्याख्येमुळे नव्हे, तर तिच्या जागी मनात तयार झालेल्या सोप्या खुणांमुळे. ‘शेवटी ले आले की भावे’, ‘भूतकाळ आणि कर्म असले की कर्मणी’ अशा त्या खुणा. दहापैकी सात वाक्यांत त्या चालतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो. आणि प्रश्न काढणारा नेमकी उरलेली तीन वाक्ये शोधत असतो.

‘मुलाने पत्र लिहिले’ हे वाक्य घ्या. शेवटी ‘ले’ आहे, म्हणून घाबरलेला विद्यार्थी भावेवर खूण करतो. पण पत्राच्या जागी चिठ्ठी ठेवली की ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’ होते, निबंध ठेवला की ‘मुलाने निबंध लिहिला’. मुलाच्या जागी मुलगी आणली तरी ‘मुलीने पत्र लिहिले’ तसेच राहते. क्रियापद कर्मामागून चालले आहे, म्हणजे कर्मणी. ‘लिहिले’ हे रूप पत्र नपुंसकलिंगी असल्यामुळे आले, भावे प्रयोगामुळे नव्हे.

यामागचे कारण कळले की पाठांतराची गरज बरीच कमी होते. मराठी क्रियापद जुळवून घेण्यासाठी प्रत्यय न लागलेले नाम शोधते. ‘मुलगा पत्र लिहितो’ यात कर्ता मोकळा आहे, तेव्हा क्रियापद त्याच्याशी जुळते. कर्त्याला ‘ने’ लागला की ती वाट बंद होते आणि क्रियापद कर्माकडे वळते. कर्मालाही ‘ला’ लागला, तर जुळायला कुणीच उरत नाही. ‘पोलिसांनी चोर पकडला’ हे कर्मणी आणि ‘पोलिसांनी चोराला पकडले’ हे भावे, ते याचमुळे. चोराच्या जागी चोरांना, चोरणीला, टोळीला, कुणालाही आणा. ‘पकडले’ हलत नाही.

मग ‘मी निबंध लिहिला’ या वाक्यात काय होते? ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही, म्हणून कर्तरी वाटते. सर्वाधिक मुले इथे अडकतात. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ ही रूपे प्रथमेत आणि तृतीयेत सारखीच राहतात, त्यामुळे विभक्ती झाकली जाते. ती उघडी करायला कर्ता तृतीय पुरुषी करून पाहायचा. ‘तिने निबंध लिहिला’ म्हणताच लपलेला ‘ने’ बाहेर येतो आणि उत्तर कर्मणी ठरते. आता याच्या शेजारी ‘मी छत्री विसरलो’ ठेवून पाहा. भूतकाळ आहे, कर्म आहे, म्हणून पाठ केलेली खूण कर्मणी सांगते. पण ‘ती छत्री विसरली’, ‘तो छत्री विसरला’ असे म्हणून पाहिले की ‘ने’ कुठेच येत नाही, आणि छत्रीच्या जागी डबा ठेवला तरी ‘मी डबा विसरलो’ असेच राहते. प्रयोग कर्तरी आहे. विसरणे, शिकणे, बोलणे अशा काही सकर्मक धातूंचा भूतकाळात कर्तरी प्रयोग होतो. त्यांची यादी परीक्षेत आठवली नाही तरी चालते, कारण शब्द बदलून पाहण्याची रीत यादीवाचून तिथेच पोचवते.

मॅडमच्या शांत राहण्याच्या आग्रहाला वेळेचा हिशेब जोडलेला आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त मुख्य परीक्षेत मराठी-इंग्रजीच्या 100 प्रश्नांना एक तास मिळतो, आणि चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. प्रश्नाला अर्ध्या मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ येतो. दोनदा शब्द बदलून पाहायला दहा-बारा सेकंद लागतात, म्हणजे वेळ पुरतो. वेळ जातो तो उत्तर आल्यावरही ‘पण ऐकायला तसं वाटत नाही’ म्हणून मागे फिरण्यात. उत्तरपत्रिका मला दाखवल्या तेव्हा खोडून केलेली उत्तरे बहुतेक याच प्रश्नांत होती, आणि मूळ उत्तर बरोबर असलेली खाडाखोड पाहून त्यांचा जीव तुटतो हे त्यांच्या बोलण्यात लपत नव्हते.

नियमावर भरवसा ठेवा म्हणताना त्या त्याच्या मर्यादाही झाकत नाहीत. ‘तू कविता लिहिलीस’ यात ‘लिहिली’ कवितेमुळे आणि शेवटचा ‘स’ ‘तू’मुळे. निबंध ठेवला तर ‘लिहिलास’, कर्ता ‘तिने’ केला तर ‘स’ गळतो. क्रियापद दोघांशीही जुळले, म्हणून हा कर्तृ-कर्म संकर. शब्द बदलून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी बदल दिसतो, आणि तोच संकराचा पुरावा असतो; आपले चुकले असे समजायचे नसते.

खरा वाद कर्ता कोण यावर असतो. ‘मला चहा आवडतो’ यात आवड माझी, म्हणून कर्ता मी असे साध्या बुद्धीला वाटते, आणि ‘मला’सारख्या शब्दाला कर्त्याजवळ नेऊन बसवणारे भाषाअभ्यासकही आहेत. मो. रा. वाळंबे यांच्या पुस्तकाच्या परंपरेतली रीत वेगळी आहे : धातूला ‘णारा’ लावून विचारायचे, आवडणारा कोण? चहा. कॉफी ठेवली की ‘आवडते’ होते, तेव्हा प्रयोग कर्तरी. परीक्षेत याच रीतीने जायचे, असे त्या वर्गात सांगतात. आयोगाची पहिली उत्तरतालिका लागल्यावर उत्तर पटले नाही, तर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन हरकत नोंदवता येते. ती नोंदवताना पुस्तकाचे नाव आणि पान जोडायचे, म्हणून ही मुले व्याकरणाच्या पुस्तकात वादाच्या वाक्यांशेजारी पेन्सिलीने खुणा करून ठेवतात.